सात प्रमाणपत्रे आणि एक न सांगितलेले काम

वाचकाचे पत्र

मी म्हापशाचा, वय २६, शिक्षण बी. कॉम. गेले पाच महिने अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या संकेतस्थळावर गूगल अ‍ॅड्सची कामे मिळवण्याचा प्रयत्न करतो आहे. आतापर्यंत ३४ प्रस्ताव पाठवले. त्यांतले ९ उघडले गेले, एका क्लायंटने बोलणे केले, काम मात्र एकही मिळाले नाही. गूगलच्या स्किलशॉप या प्रशिक्षणाच्या संकेतस्थळावरून सात प्रमाणपत्रे मिळवली आहेत. ती सगळी प्रोफाइलवर लावली, त्यांची चित्रे पोर्टफोलिओत टाकली आणि शीर्षकात ‘गूगल सर्टिफाइड पार्टनर’ असे लिहिले. अनुभव म्हणाल तर शिवोलीला माझ्या मामांचे आठ खोल्यांचे गेस्ट हाउस आहे, त्याच्या जाहिराती दोन वर्षे मीच पाहतो. पण ते घरचे काम, म्हणून कुठे लिहिले नाही. आता मडगावच्या एका संस्थेतला डिजिटल मार्केटिंगचा डिप्लोमा करावा असा विचार आहे, फी ₹४८,००० आहे. तो करावा का? आणि आहेत ती प्रमाणपत्रे कशी मांडली तर क्लायंटचे लक्ष जाईल?

उत्तर

बाकीचे सगळे सावकाश बोलू, पण शीर्षकातला ‘पार्टनर’ हा शब्द आज, हे उत्तर वाचून संपायच्या आत काढून टाका. गूगल पार्टनर हा दर्जा व्यक्तीला मिळत नाही, तो जाहिरातींची खाती सांभाळणाऱ्या कंपनीला मिळतो. त्यासाठी कंपनी ज्यातून क्लायंटची खाती एकत्र सांभाळते त्या मॅनेजर खात्याखालील जाहिरातींवर ९० दिवसांत किमान १०,००० डॉलर खर्च झालेला असावा लागतो, खात्याचा ऑप्टिमायझेशन स्कोअर ७० टक्क्यांच्या खाली चालत नाही आणि खाती हाताळणाऱ्या माणसांपैकी निम्मी तरी प्रमाणित असावी लागतात. तुम्ही परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्ती आहात, पार्टनर नाही. तुम्ही हे फसवण्यासाठी लिहिलेले नाही हे मला पत्रावरून कळते, कारण अशी गल्लत पुष्कळांची होते. परंतु ज्या क्लायंटने आधी एखाद्या एजन्सीबरोबर काम केले आहे त्याला हा फरक ठाऊक असतो, आणि त्याच्या दृष्टीने तुमच्या प्रोफाइलची पहिलीच ओळ खोटी ठरते. मग खाली सात काय, सतरा प्रमाणपत्रे असली तरी ती तो कोणत्या नजरेने वाचेल हे सांगायला नको.

आता तुमच्या आकड्यांकडे वळते. चौतीसपैकी नऊ प्रस्ताव उघडले गेले, म्हणजे पंचवीस क्लायंटनी तुमचे प्रोफाइल पाहिलेच नाही. त्यांच्यासमोर जी यादी येते तिच्यात नाव, शीर्षक, दर आणि प्रस्तावाच्या पहिल्या दोनेक ओळी एवढेच दिसते, आणि प्रमाणपत्रांचा विभाग प्रोफाइलमध्ये बराच खाली असतो. त्यामुळे या पंचवीस ठिकाणी प्रमाणपत्राने काम मिळाले नाही असेही म्हणता येत नाही आणि नसल्यामुळे गेले असेही नाही, कारण ते तिथवर पोहोचलेच नाही. उरलेल्या नऊ जणांनी पाहिले आणि एक सोडून सगळे काही न बोलता पुढच्या प्रस्तावाकडे वळले. प्रमाणपत्राचा प्रश्न खऱ्या अर्थाने फक्त या आठ जणांबाबत विचारता येतो. म्हणजे तुमच्यापुढे दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली अडचण शीर्षकाची आणि पहिल्या दोन ओळींची आहे, दुसरी पुराव्याची. तुम्ही दोन्हींवर एकच औषध घेत आहात, आणि आता ₹४८,००० खर्चून त्याची मात्रा वाढवायच्या बेतात आहात.

स्किलशॉपच्या परीक्षेचे स्वरूप तुम्हाला माझ्यापेक्षा ताजे आठवत असेल. ती विनाशुल्क असते, घरी बसून देता येते, समोर पर्यवेक्षक नसतो, ८० टक्के गुण लागतात आणि नापास झाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसता येते. मी त्या परीक्षेला कमी लेखत नाही. बोली लावण्याच्या पद्धती, कीवर्ड जुळण्याचे प्रकार, रूपांतरांची, म्हणजे क्लिकनंतर घडलेल्या चौकशी-खरेदीची, मोजणी हे सगळे नीट वाचून परीक्षा दिली तर माणूस शहाणा होतोच. मात्र शिकणे वेगळे आणि शिकल्याची खूण दुसऱ्याला पटणे वेगळे. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजारातील अशा खुणांविषयी जो विचार मांडला, त्याचा गाभा असा की कुशल माणसाला जी खूण मिळवणे सोपे आणि अकुशलाला अवघड, तीच खूण दोघांना वेगळे ओळखू देते. जी दोघांनाही एका रविवारी फुकट मिळू शकते ती खूण त्यांना वेगळे करू शकत नाही. क्लायंटने हा सिद्धान्त वाचलेला नसतो, पण त्याच्या यादीतल्या पंधरा जणांपैकी बारा जणांकडे तेच प्रमाणपत्र असते, त्यामुळे तो आपोआपच याच निष्कर्षाला येतो.

मग ते निरुपयोगी आहे का? तसेही नाही. ऑक्सफर्डच्या इंटरनेट इन्स्टिट्यूटमधील ओट्टो कॅसी आणि विली लेहदोनविर्ता या संशोधकांनी अशाच एका ऑनलाइन बाजारपेठेतील कौशल्य-चाचण्यांचा अभ्यास करून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांची कमाई वाढली, हे त्यांना दिसले. परंतु ती वाढ माणूस अधिक चांगले काम करू लागल्यामुळे नव्हती, तर काम देणाऱ्याच्या मनातली अनिश्चितता कमी झाल्यामुळे होती. आणि मिळालेल्या कामांची संख्या फारशी वाढलेली नव्हती, वाढले होते ते मुख्यतः कामांचे मूल्य. तुमच्या दृष्टीने मला यातून जे कळते ते असे की ज्याच्या मनात आधीच ‘या माणसाला घ्यावे’ असे आले आहे, त्याचा उरलेला संशय प्रमाणपत्र दूर करते आणि त्यामुळे तो थोडे मोठे काम सोपवतो, पण ज्याच्या मनात तुम्ही अजून आलाच नाहीत त्याला ते तुमच्याकडे ओढून आणत नाही. त्याच अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष जरा बोचरा आहे: बाजारात ज्यांची परिस्थिती मुळात कमकुवत असते तेच अधिक प्रमाणपत्रे गोळा करतात. म्हणून सात प्रमाणपत्रांची रांग पाहून अनुभवी क्लायंट ‘केवढा तयारीचा माणूस’ असे म्हणण्याऐवजी ‘याला अजून काम मिळालेले दिसत नाही’ असा अर्थ काढण्याची शक्यता अधिक.

आपल्याकडे गेस्ट हाउसच्या स्वागतकक्षात पर्यटन खात्याचे नोंदणीपत्र चौकटीत लावलेले असते. ते लागतेच, आणि नसले तर मालक अडचणीत येतो. पण ते पाहून खोली घेतलेला पाहुणा तुमच्या मामांनी आजवर पाहिला नसेल. पाहुणा खोलीचे फोटो पाहतो आणि आधी राहून गेलेल्यांनी काय लिहिले ते वाचतो.

आणि इथेच मला तुमच्या पत्रातले सर्वांत आश्चर्यकारक वाक्य आठवते, ते म्हणजे ‘ते घरचे काम’. मामांनी तुम्हाला पगार दिला नसेल, पण जाहिरातीचे पैसे खरे होते, गूगलने ते खरेच कापले, आणि तुमची चूक झाली असती तर खोल्या खऱ्याच रिकाम्या राहिल्या असत्या. दोन वर्षे एका छोट्या हॉटेलचे खाते सलग सांभाळलेला माणूस त्या पंधराजणांच्या यादीत क्वचितच असतो. नाते लपवू नका, ‘कुटुंबातील व्यवसाय’ असे स्पष्ट लिहा. कामाचे मोल त्याने कमी होत नाही.

हे काम कसे मांडायचे ते जरा तपशिलात सांगते. तुमच्या खात्यातला सर्च टर्म्सचा अहवाल उघडा आणि अगदी सुरुवातीच्या एका महिन्यात लोकांनी काय काय शोधल्यावर तुमची जाहिरात दिसली ते पाहा. गोव्यातल्या बहुतेक गेस्ट हाउसांच्या खात्यांत, विशेषतः कीवर्ड ब्रॉड मॅचवर, म्हणजे मिळत्याजुळत्या शोधांनाही जाहिरात दिसेल असे, असतील तर, अशा ओळी हमखास सापडतात:

```
hotel jobs in goa
hotel management college goa fees
goa hotel for sale
```

नोकरी शोधणारा, प्रवेश शोधणारा आणि मालमत्ता शोधणारा, तिघांनीही क्लिक केले आणि मामांचे पैसे गेले. तुम्ही पुढे हे शब्द निगेटिव्ह कीवर्ड म्हणून घातले असतील, तर तीच तुमच्या पोर्टफोलिओची पहिली गोष्ट आहे. त्या महिन्यात अशा निरुपयोगी शोधांवर एकूण खर्चातले किती रुपये गेले, तुम्ही कोणते शब्द अडवले आणि नंतरच्या महिन्यात तो खर्च किती उरला, एवढेच दोन परिच्छेदांत लिहा. निगेटिव्ह कीवर्डना एकवचन आणि अनेकवचन वेगवेगळे द्यावे लागते, `job` अडवल्याने `jobs` अडत नाही, असा एखादा बारकावा ओघात आला तर जाणकाराला लगेच कळते की या माणसाने हात काळे केले आहेत. अहवालात सगळेच शोध दिसत नाहीत, कमी वेळा झालेले शोध गूगल दाखवत नाही, म्हणून ‘अहवालात दिसणाऱ्या शोधांपैकी’ असे शब्द वापरा. अशी मर्यादा स्वतःहून सांगणे हासुद्धा पुरावाच असतो.

इथे दोन चुका टाळायला हव्यात. पहिली हंगामाची. जुलैतल्या चौकशा आणि डिसेंबरातल्या चौकशा शेजारी ठेवून ‘पाच पट वाढ’ असे कृपा करून लिहू नका. ती वाढ तुमची नव्हे, नाताळची आहे, आणि पर्यटनातला कोणताही क्लायंट ते क्षणात ओळखेल. एका वर्षीचा नोव्हेंबर पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरशीच ताडून पाहावा. दुसरी चूक मोजणीची. तुमच्या खात्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावरचे क्लिक रूपांतर म्हणून मोजले जात असेल, तर त्याला ‘बुकिंग’ म्हणू नका, ‘चौकशी’ म्हणा. मामांच्या वहीत खरी बुकिंगे असतीलच, तर त्यांच्याबरोबर एक संध्याकाळ बसून त्यांतली थेट आलेली किती आणि बुकिंगच्या संकेतस्थळांमार्फत कमिशन देऊन आलेली किती, हे काढा. छोट्या हॉटेलच्या मालकाला, तो गोव्यातला असो की श्रीलंकेतला, याच आकड्यात सर्वांत जास्त रस असतो. मामांची लेखी परवानगी घ्या, आणि स्क्रीनशॉट लावण्यापूर्वी वरच्या कोपऱ्यातला खात्याचा दहा अंकी क्रमांक झाकायला विसरू नका. तो उघडा राहिला तर क्लायंटला कळते की उद्या माझ्या खात्याचीही हा अशीच काळजी घेणार.

हे झाले की शीर्षक आपोआप सुचते. ‘सर्टिफाइड एक्स्पर्ट’ हे शब्द शेकडो जणांनी लावलेले आहेत. तुम्ही साधेच लिहा:

```
Google Ads for Small Hotels & Homestays | Direct Bookings
```

यामुळे दंतवैद्यांची आणि बूट विकणाऱ्यांची कामे हातची जातील अशी भीती वाटेल, पण ती आजही तुम्हाला मिळत नाहीत. प्रस्तावाच्या पहिल्या दोन ओळींतही प्रमाणपत्राचा उल्लेख नको. समजा, एखाद्या हॉटेलवाल्याने लिहिले आहे की जाहिरातींवर क्लिक भरपूर येतात, पण बुकिंग होत नाही. तर तुमची पहिली ओळ अशी असावी: आठ खोल्यांच्या एका गेस्ट हाउसच्या खात्यात मला नेमके हेच दिसले होते आणि क्लिकचा मोठा भाग नोकरी शोधणाऱ्यांचा निघाला, म्हणून तुमच्या खात्यात मी सर्वांत आधी सर्च टर्म्सचा अहवाल तपासेन. इतके वाचल्यावर तो प्रोफाइल उघडतो. त्याच्या मनात आता एकच शंका उरते, की याला खाते चालवण्याची मूलभूत माहिती तरी आहे ना, आणि तिथे तुमचे प्रमाणपत्र त्याच्या उपयोगी पडते.

म्हणून मांडणी अशी करा. सातांपैकी विचारलेल्या कामाशी थेट संबंध असलेले ठेवा, म्हणजे सर्चचे एक आणि फार तर मोजणीशी संबंधित दुसरे. व्हिडिओ, अ‍ॅप वगैरेंची काढून टाका. ती वाया जात नाहीत, तशा कामाची मागणी आली तर परत लावता येतात. पोर्टफोलिओतून प्रमाणपत्रांची चित्रे काढा, कारण ती जागा कामाची आहे आणि चित्र कोणीही बनवू शकतो. प्रमाणपत्र त्याच्यासाठी असलेल्या विभागातच द्या, त्याचे पूर्ण व नेमके नाव लिहा, ते कोणत्या महिन्यापर्यंत वैध आहे ते लिहा आणि जिथे सोय असेल तिथे पडताळणीचा दुवा जोडा. ओळखीच्या मजकुरात त्याला एकच वाक्य पुरे, आणि तेही कामाच्या वर्णनानंतर.

वैधतेबद्दल जरा हट्टाने सांगते आहे, त्याला कारण माझा स्वतःचा अनुभव आहे. ही प्रमाणपत्रे एकच वर्ष चालतात. मी एके काळी याच क्षेत्रात बाहेरची कामे घेत होते, तेव्हा माझ्या प्रोफाइलवरच्या दुव्यावर एका क्लायंटने टिचकी मारली आणि मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपल्याचे त्याने मला शांतपणे कळवले. मी त्याच रात्री परीक्षा दिली, उत्तीर्णही झाले, पण ते काम मिळाले नाही. त्याला माझ्या ज्ञानाबद्दल शंका नव्हती. महिन्याच्या महिन्याला खात्याचे बजेट बघणारी बाई स्वतःच्या पाटीवरची तारीख बघत नाही, हे त्याने पाहिले. मुदतीच्या महिनाभर आधीची तारीख फोनमध्ये लावून ठेवा. नूतनीकरण करायचे नसेल तर मुदत संपण्यापूर्वीच ती ओळ उतरवा.

आतापर्यंत जे सांगितले त्याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो तुमच्या कामाचा आहे. वर पार्टनर दर्जाच्या अटींमध्ये निम्मी माणसे प्रमाणित असण्याची अट सांगितली, ती पुन्हा पाहा. ज्या एजन्सीला तो दर्जा मिळवायचा किंवा टिकवायचा आहे तिला खात्यावर काम करणारी प्रमाणित माणसे मोजून लागतात. अशा एजन्सीसाठी तुमचे प्रमाणपत्र ही केवळ खूण राहत नाही, ती तिची प्रत्यक्ष गरज होते. म्हणून काम देणारा हॉटेलमालक नसून एजन्सी असेल, तर वर सांगितलेला क्रम उलटा करा. पहिल्याच ओळीत लिहा की माझी सर्चची परीक्षा अमुक महिन्यापर्यंत वैध आहे आणि तुमच्या मॅनेजर खात्यात प्रवेश दिल्यास मी प्रमाणित व्यक्ती म्हणून धरला जाऊ शकतो. मात्र ही मोजणी ई-मेलवर चालते. ज्या पत्त्याने तुम्हाला त्यांच्या खात्यात प्रवेश मिळतो तो तुमच्या स्किलशॉपच्या खात्याशी जोडलेला असावा लागतो. तुम्ही परीक्षा एका जीमेलवरून दिली आणि काम दुसऱ्यावरून करता, तर एजन्सीच्या हिशेबात तुम्ही अप्रमाणितच राहता. प्रस्ताव पाठवण्यापूर्वी हे तपासून घ्या. ‘आमच्याकडे प्रमाणित माणूस हवा’ असे स्पष्ट लिहिलेल्या कामांनाही हाच उलटा क्रम लावावा.

आता डिप्लोमा. संस्था चांगली की वाईट यात मी जात नाही. तुम्हाला वेबसाइटचे मोजमाप बसवणे, जाहिरातीनंतर उघडणारे पान सुधारणे यांसारखी एखादी गोष्ट येत नसेल आणि ती तिथे प्रत्यक्ष करून शिकवत असतील, तर शिकण्यासाठी जा. पण पत्रात तुम्ही तो शिकण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी विचारला आहे, आणि दाखवण्यासाठी त्याचा उपयोग मला दिसत नाही. मँचेस्टरमधल्या क्लायंटने मडगावच्या संस्थेचे नाव ऐकलेले नसते, ते तपासायला त्याच्याकडे मार्ग नसतो, आणि नावाची ओळख नसेल तर प्रमाणपत्र कितीही जाड कागदावर छापले तरी त्याच्यापुरते ते कोरेच. हाच डिप्लोमा पणजीतल्या एखाद्या हॉटेलच्या नोकरीसाठी अर्ज करताना कदाचित उपयोगी ठरेल, कारण तिथला व्यवस्थापक ती संस्था ओळखत असेल. तेव्हा तो घ्यायचाच असेल तर कोणाला दाखवण्यासाठी, हे आधी ठरवा.

त्यापेक्षा जे तुमच्याकडे नाही ते मिळवा, म्हणजे त्या बाजारपेठेवरचा एक खरा अभिप्राय. अर्थशास्त्रज्ञ अमांडा पॅलेस यांनी ओडेस्क या, पुढे अपवर्कमध्ये मिसळून गेलेल्या, संकेतस्थळावर एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी डेटा एन्ट्रीच्या साडेनऊशेच्या वर लोकांना यदृच्छेने निवडून दहा तासांचे छोटे काम दिले आणि त्यावर अभिप्राय लिहिला. नवख्यांना नंतर अधिक काम आणि अधिक दर मिळाला, आणि ज्यांच्याविषयी तपशीलवार अभिप्राय लिहिला होता त्यांना विशेष फायदा झाला. क्षेत्र वेगळे आहे, पण अडचण तुमचीच आहे. म्हणून पहिले काम मुद्दाम लहान मागा: एका खात्याच्या सर्च टर्म्सची तपासणी, निश्चित दर, तीन दिवस, शेवटी अडवायच्या शब्दांची यादी आणि दोन पानी टिपण. हॉटेलवाल्याला एवढ्या रकमेचा धोका पत्करणे सोपे जाते. काम संपल्यावर ‘चांगला रिव्ह्यू द्या’ असे म्हणू नका, त्याऐवजी टिपणातली कोणती गोष्ट उपयोगी पडली ते अभिप्रायात लिहाल का, असे विचारा.

प्रस्तावांची संख्याही उतरवा. प्रस्ताव पाठवायला अपवर्कवर जे कनेक्ट खर्चावे लागतात, त्यांतला एक १५ सेंटचा पडतो. एका प्रस्तावाला सरासरी बारा कनेक्ट लागले असे धरले, तर तुमच्या ३४ प्रस्तावांवर साठ डॉलरच्या वर खर्च झाला आहे. पुढचे दोन महिने महिन्याला आठच पाठवा, सगळे निवास-व्यवसायातल्या कामांना, आणि उघडले किती गेले, बोलणे किती झाले हे मोजून पाहत राहा. सोळांपैकी चारपेक्षा कमी उघडले गेले तर शीर्षक आणि पहिल्या ओळी पुन्हा लिहा, प्रमाणपत्रांना हात लावू नका. निम्मे उघडूनही कोणी बोलले नाही, तर मामांच्या गेस्ट हाउसची ती दोन परिच्छेदांची हकिकत मला पाठवा, मी ती क्लायंटच्या नजरेने वाचून कळवीन.